४१ पानांची दुरुस्ती, अर्ध्या पानाचा सारांश आणि सोबतचा ईमेल

प्रश्न: मला वकिली सुरू करून दोन वर्षे झाली. चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारे एक छोटे कारखानदार माझे अशील आहेत. ज्या मोठ्या कंपनीला ते माल देतात, तिने जुन्या पुरवठा कराराची ४१ पानांची दुरुस्ती पाठवली आहे. "अर्ध्या पानात काय ते लिहून ईमेल करा, शुक्रवारी सही करायची आहे," असे अशील म्हणतात. मी कलमवार सारांश केला, तो पाच पानांचा झाला. यातले काय ठेवू, काय काढू, आणि ईमेलमध्ये काय लिहू?

उत्तर:

तुमचा सारांश पाच पानांचा झाला, कारण तुम्ही दुरुस्तीचा सारांश केला. अशिलाला दुरुस्तीत काय लिहिले आहे हे नको असते. सही केल्यावर आपल्या धंद्यात कालच्यापेक्षा उद्या काय वेगळे होईल, एवढेच त्याला हवे असते. दुरुस्तीची मांडणी ती तयार करणाऱ्याच्या सोयीची असते. आधी प्रस्तावना, मग बदललेल्या व्याख्या, मग जुन्या करारातील कलमांच्या जागी येणारी नवी कलमे, आणि शेवटी परिशिष्टे. त्या क्रमाने चालत गेलात तर पाचाची चार पाने होतील, अर्धे पान कधीच होणार नाही.

म्हणून सारांश लिहायला बसण्याआधी मूळ करार, त्याच्या आधीच्या दुरुस्त्या असतील तर त्या, आणि ही नवी दुरुस्ती, असे सगळे एका फाइलमध्ये बसवून एकत्रित प्रत तयार करावी. जे कलम बदलले तेथे जुने खोडलेले आणि नवे घातलेले दिसले पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे आणि अर्धा दिवस खाते, पण त्याला पर्याय नाही. दुरुस्ती एकटी वाचून तिचा परिणाम कळत नाही, कारण तिच्या शेवटी बहुधा "इतर सर्व अटी पूर्ववत कायम राहतील" असे एक वाक्य असते आणि खरी मेख नेमकी त्या कायम राहिलेल्या अटींत असते. ती कशी असते, हे माझ्याकडे आलेल्या अशाच एका फाइलीवरून सांगतो. तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत.

मूळ करारात पैशांचे कलम साधे होते: मालाच्या स्वीकृतीपासून ४५ दिवसांत रक्कम द्यावी. स्वीकृती म्हणजे ग्राहक कंपनीच्या गेटवर माल उतरून माल मिळाल्याची पावती, म्हणजे जीआरएन, निघणे, अशी व्याख्या होती. दुरुस्तीने पैशांच्या कलमाला हातही लावला नव्हता, त्यामुळे माझ्या सहकाऱ्याने केलेल्या पहिल्या खर्ड्यात "पेमेंटच्या अटी: बदल नाही" अशी ओळ होती. दुरुस्तीच्या दुसऱ्या पानावर मात्र, ज्या सहा व्याख्या बदलल्या होत्या, त्यांत स्वीकृतीची नवी व्याख्या होती: ग्राहक कंपनीच्या गुणवत्ता विभागाने दिलेली लेखी मंजुरी, आणि ती देण्यासाठी माल पोचल्यापासून ४५ दिवसांपर्यंतची मुदत. म्हणजे ४५ अधिक ४५, असे पेमेंट ९० दिवसांवर गेले, आणि पेमेंट हा शब्द संपूर्ण दुरुस्तीत कोठेही आला नव्हता.

तेवढ्यावर ते थांबले नव्हते. एकत्रित प्रतीत "स्वीकृती" हा शब्द शोधला तेव्हा तो आणखी दोन ठिकाणी सापडला. वॉरंटीची मुदत स्वीकृतीपासून मोजायची होती, त्यामुळे तीही दीड महिना पुढे सरकली. मालाची जोखीमही स्वीकृतीनंतरच ग्राहकाकडे जाणार होती. आता माल ग्राहकाच्या गोदामात दीड महिना पडून राहील आणि त्या काळात तेथे आग लागली किंवा पाणी शिरले, तर नुकसान आमच्या अशिलाचे. त्यांची वाहतूक विम्याची पॉलिसी माल पोचला की संपत होती, आणि परक्याच्या गोदामातील मालासाठी त्यांच्याकडे वेगळा विमा नव्हता. एका व्याख्येने तीन ठिकाणी घाव घातला होता. म्हणून माझा नियम असा आहे की दुरुस्तीत बदललेली प्रत्येक व्याख्या मूळ करारात शब्दशः शोधायची आणि ती जेथे जेथे येते ते प्रत्येक कलम नव्या अर्थाने पुन्हा वाचायचे. "बदल नाही" असे लिहिण्याचा अधिकार त्यानंतरच येतो.

यानंतर आकडेमोड करावी लागते, आणि ती वकिलानेच करावी. "पेमेंटचा कालावधी वाढला आहे" या वाक्याने कारखानदार हलत नाही. त्यांची महिन्याची विक्री सुमारे ४० लाख रुपये होती. ४५ दिवसांच्या हिशेबाने ग्राहकाकडे साधारण ६० लाख अडकलेले असत. ९० दिवसांच्या हिशेबाने १ कोटी २० लाख अडकतील. वरचे ६० लाख कॅश क्रेडिटमधून काढावे लागले आणि बँकेचा दर ११ टक्के धरला, तर वर्षाला सुमारे ६ लाख ६० हजार रुपये व्याज जाते. अशिलाला मी हे फोनवर सांगितले तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे एका माणसाचा पगार गेला की." कराराच्या भाषेतून त्यांच्या भाषेत आल्यावर निर्णय असा लगेच होतो.

येथे कायद्याचाही मुद्दा आहे, आणि तो सारांशात किती घ्यायचा हे ठरवावे लागते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाच्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी स्वीकृतीच्या दिवसापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत. स्वीकृतीचा दिवस कोणता, हे करार ठरवत नाही, तो कायदाच ठरवतो: माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस, किंवा पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली असेल तर पुरवठादाराने ती दूर केली तो दिवस. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते, आणि कलम २४ मुळे या तरतुदी अन्य कायद्यांतील विसंगत तरतुदींवर वरचढ ठरतात. तेव्हा ती नवी व्याख्या कागदावर राहील, कायद्यापुढे टिकणे अवघड आहे. पण वर्षाच्या विक्रीतील बहुतांश माल ज्याला जातो, त्या ग्राहकाविरुद्ध, याच कायद्याखाली थकीत रकमेचे दावे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेत अर्ज करून व्याज मागायला किती कारखानदार तयार होतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून सारांशात मी एवढेच लिहितो की कायद्याचे संरक्षण आहे, पण ते वापरायचे तर दावा करावा लागेल. बाकीचे कायदेशीर विवेचन फाइलच्या टिपणात ठेवतो. अशिलाचे उद्यम प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे आहे आणि ते कोणत्या वर्गात मोडतात, हे मात्र सारांश पाठवण्याआधी नक्की पाहावे. मध्यम उपक्रमाच्या पुरवठादाराला हे संरक्षण नाही.

आता अर्ध्या पानात काय बसवायचे, याची कसोटी. मी प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारतो: यामुळे अशिलाचे पैसे, त्याच्या तारखा किंवा करारातून बाहेर पडण्याची त्याची मोकळीक बदलते का? नसेल तर तो बदल पानाबाहेर. नोटीस पाठवण्याचा पत्ता बदलला, कलमांचे क्रमांक बदलले, ग्राहक कंपनीच्या विभागाचे नाव बदलले, हे सगळे बाहेर. त्या ४१ पानांतून असे चाळल्यावर तीनच गोष्टी उरल्या. स्वीकृतीची व्याख्या एक. दुसरी लाइन स्टॉपेजची भरपाई: आमचा माल वेळेवर न पोचल्याने त्यांची असेंब्ली लाइन थांबली तर मिनिटाला १,५०० रुपये, वरची मर्यादा नाही, आणि ही रक्कम आगाऊ नोटीस न देता डेबिट नोटने बिलातून वळती. दोन तास लाइन थांबली तर १ लाख ८० हजार. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते, हे खरे आहे; पण पैसे आधी कापून घेतलेले असतात आणि न्यायालयात जायची पाळी आपल्यावर येते.

तिसरी गोष्ट म्हणजे अंमलाची तारीख. सही ऑक्टोबरमध्ये होणार होती आणि दुरुस्ती लागू होणार होती १ एप्रिलपासून. वरवर पाहता ही नेहमीची कारकुनी सोय वाटते. पण लाइन स्टॉपेजचे कलम तिच्याबरोबर सहा महिने मागे जात होते. मी अशिलाला विचारले की एप्रिलपासून त्यांच्यामुळे कधी लाइन थांबली होती का. जुलैमध्ये एकदा थांबली होती, पावसात ट्रक अडकला होता, आणि त्याबद्दल ग्राहकाच्या मटेरियल विभागाचा कडक ईमेलही आला होता. म्हणजे सही करताच मिटलेल्या प्रकरणाची डेबिट नोट निघू शकली असती.

मी पाठवलेला सारांश असा होता. ए-४ कागदावर, बारा पॉइंटात, पान अर्धेच भरले:

"दुरुस्ती क्रमांक २ चा सारांश (ग्राहक कंपनीकडून ६ ऑक्टोबरला ईमेलने आलेली, ४१ पानांची प्रत)

आमचा सल्ला: आहे तशी सही करू नये. खालील तीन बदल मागावेत.

१. पैसे उशिरा मिळतील (कलम १.४). आज: माल गेटवर उतरल्यापासून ४५ दिवस. सहीनंतर: त्यांच्या गुणवत्ता विभागाच्या मंजुरीपासून ४५ दिवस, आणि मंजुरीला आणखी ४५ दिवस, एकूण ९० पर्यंत. परिणाम: सुमारे ६० लाख रुपये जास्त अडकतील. मंजुरीपर्यंत त्यांच्या गोदामातील मालाची जोखीम आपली, आणि त्यासाठी सध्या विमा नाही. कायद्याने ४५ दिवसांची मर्यादा आहे, पण ती बजावण्यासाठी दावा करावा लागेल. मागणी: १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास माल पोचल्याच्या तारखेलाच स्वीकृत धरावा.

२. लाइन थांबल्यास दंड (नवे कलम ९अ). आज: नाही. सहीनंतर: मिनिटाला १,५०० रुपये, मर्यादा नाही, परस्पर वळती. मागणी: महिन्याच्या बिलाच्या ५ टक्के कमाल मर्यादा, आणि कापण्याआधी १५ दिवसांची नोटीस. त्यांनी शेड्यूल ऐनवेळी बदलल्यास दंड नाही.

३. मागील तारखेपासून लागू (कलम २). १ एप्रिलपासून, त्यामुळे जुलैच्या घटनेवरही दंड लागू शकतो. मागणी: सहीच्या तारखेपासून लागू.

यात न घेतलेले: परिशिष्ट ३ (पॅकिंग व तपासणीची तांत्रिक मापे) आम्ही तपासलेले नाही, ते आपल्या क्वालिटी इंजिनियरने वाचावे. बाकीच्या बदलांनी पैसे, तारखा किंवा करार संपवण्याचे हक्क बदलत नाहीत."

यात काही गोष्टी जाणूनबुजून केल्या आहेत. क्रम कलमांचा नाही, वजनाचा आहे. म्हणून कलम २ शेवटी आले. प्रत्येक मुद्द्यात आज काय आणि सहीनंतर काय, हे आधी येते आणि मागणी त्यानंतर. कलमाचा क्रमांक कंसात असल्याने अशिलाला हवे तर मूळ मजकूर दहा सेकंदांत सापडतो. पहिल्या मागणीचे शब्द मी २००६ च्या कायद्यातील स्वीकृतीच्या व्याख्येशी जुळवून घेतले, कारण जे कायद्यातच लिहिले आहे ते नाकारणे समोरच्या कंपनीच्या विधी विभागाला अवघड जाते. शिवाय सूक्ष्म व लघु पुरवठादारांना मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याखेरीज खर्च म्हणून वजा करता येत नाही, अशी तरतूद आयकर कायद्यात २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून लागू झाली आहे, त्यामुळे तुमचा मुद्दा त्यांच्या हिशेब विभागालाही पटतो.

भाषेबाबत एक सूचना. करार इंग्रजीत असला तरी सारांश अशील ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत लिहावा, पण न्यायव्यवहार कोशातले शब्द आणू नयेत. जीआरएन, शेड्यूल, डेबिट नोट हे त्यांचे रोजचे शब्द आहेत, ते तसेच ठेवावेत. मात्र एका ठिकाणी मराठी शब्द दगा देतो. करारभंगाबद्दल द्यायची नुकसानभरपाई आणि तिसऱ्या माणसाच्या दाव्यापासून ग्राहकाला वाचवण्याची इन्डेम्निटी, या दोन्हींना आपण सवयीने नुकसानभरपाईच म्हणतो. त्यांची व्याप्ती वेगळी आहे. इन्डेम्निटीचे कलम बदलले असेल तर एक शब्द वाचवण्यापेक्षा "गाडी विकत घेणाऱ्याने त्यांच्यावर दावा केला तर त्याचा खर्च आपण द्यायचा" असे सरळ लिहावे.

आता ईमेल. जे पानात आहे ते ईमेलमध्ये पुन्हा लिहिण्याची गरज नसते, पण निर्णय काय हवा आहे हे मात्र ईमेलच्या मजकुरातच यायला हवे, कारण कारखान्यात मशीनशेजारी उभे राहून फोनवर वाचणारा माणूस जोडपत्र उघडेलच याचा भरवसा नाही. विषयाच्या ओळीतही "दुरुस्तीबाबत" एवढेच लिहू नये. माझा ईमेल असा होता:

"विषय: पुरवठा करार दुरुस्ती क्र. २ – सही थांबवावी. बुधवारी दुपारी ४ पर्यंत आपला निर्णय हवा

सप्रेम नमस्कार,

दुरुस्तीचा अर्ध्या पानाचा सारांश सोबत जोडला आहे. दुरुस्तीची जी प्रत आम्ही वाचली तीही जोडली आहे. सारांश फक्त त्याच प्रतीचा आहे. आपल्याकडे याहून नवी प्रत आली असल्यास सही करण्याआधी कृपया ती पाठवावी.

आहे त्या स्वरूपात सही करू नये, असा आमचा सल्ला आहे. मुख्य कारण असे की पेमेंट ४५ दिवसांवरून ९० दिवसांपर्यंत जाऊ शकते.

कृपया दोन गोष्टी कळवाव्यात: (अ) सारांशातील तिन्ही मागण्या आम्ही त्यांच्या विधी विभागाला लेखी कळवाव्यात का, (ब) त्यांनी फक्त एकच मान्य केली तर कोणती सोडणार नाही. बुधवारी उत्तर मिळाल्यास शुक्रवारच्या आधी त्यांच्याशी बोलणे होऊ शकेल.

सारांश करारातील मजकुराची जागा घेत नाही. वाद झाल्यास सही केलेला करारच वाचला जाईल. हा ईमेल आणि सारांश केवळ आपल्यासाठी आहे. ग्राहक कंपनीतील कोणालाही फॉरवर्ड करू नये.

आपला विश्वासू,"

शेवटची सूचना तुम्हाला कदाचित उपचारापुरती वाटेल, पण माझ्या हातून एकदा चूक झाली तेव्हापासून मी ती कधीच गाळत नाही. एका अशिलाला लिहिलेल्या सारांशात मी "६० दिवस मागा, ७५ पर्यंत यायला हरकत नाही" असे लिहिले होते. त्यांनी भोळेपणाने तो ईमेल जसाच्या तसा ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याला पाठवला, वर "आमचे वकील असे म्हणतात" असे लिहून. बोलणी ७५ वरच सुरू झाली आणि ७५ वरच संपली. वकील-अशील संवादाचे गोपनीयतेचे संरक्षण अशिलासाठी असते, आणि अशिलानेच संवाद पुढे धाडला तर ते आपण कोणत्या तोंडाने मागणार? तेव्हापासून मी सारांशात फक्त उघड मागणी लिहितो. मागे सरकण्याची मर्यादा फोनवर ठरवतो आणि तिची नोंद आमच्या फाइलीत ठेवतो. वरच्या ईमेलमधला (ब) प्रश्नही मी शक्यतो फोनवरच सोडवतो. तो ईमेलमध्ये आला, कारण त्या दिवशी अशील प्रवासात होते.

"यात न घेतलेले" हा भाग कापून आणखी एक मुद्दा बसवण्याचा मोह होईल, पण तो भाग कापू नका. अर्धे पान वाचणारा माणूस बाकीची साडेचाळीस पाने निरुपद्रवी आहेत असेच धरून चालतो. जे तपासले नाही ते तसे लिहिले, तर ते काम योग्य माणसाकडे जाते. आमच्या बाबतीत क्वालिटी इंजिनियरने परिशिष्ट ३ वाचले आणि पॅकिंगसाठी परत येणाऱ्या प्लास्टिक क्रेटचा खर्च आता पुरवठादाराने करायचा आहे, हे त्यांनीच दाखवून दिले. माझ्या कसोटीने तो पैशांचा बदल होता, म्हणजे पहिल्या पानावर यायला हवा होता. तो मापांच्या तक्त्याखालच्या टिपेत लपला होता आणि मी तक्ता तांत्रिक म्हणून सोडला होता. दुसऱ्या दिवशी सुधारित सारांश पाठवला, विषयाच्या ओळीत "सुधारित" असे लिहून आणि चौथा मुद्दा पहिल्याच ओळीत सांगून.

उत्तर "ओके" असे व्हॉट्सअ‍ॅपवर आले, तर ते कशाला ओके आहे हे विचारून घ्यावे. आमच्या अशिलाचेही तसेच आले होते. मी परत लिहिले: "म्हणजे चारही मागण्या कळवायच्या आणि पेमेंटची सोडायची नाही, असे समजू का? कृपया ईमेलवर होय लिहावे." होय आले. शुक्रवारी सही झाली नाही. ती पुढच्या आठवड्यात, स्वीकृतीची व्याख्या कायद्याप्रमाणे बदलून, दंडाला मर्यादा घालून आणि सहीच्या तारखेपासून लागू करून झाली. क्रेटचा खर्च मात्र आमच्याकडेच राहिला. सहीसाठी आलेली प्रत मान्य झालेल्या मसुद्याशी शब्दशः ताडून पाहिल्यावरच मी अशिलाला सही करायला सांगितले.